शेवटची गोळी कधी घेतलीस?

गणपतीसाठी गावी निघाले तेव्हा मंगळवार होता. बॅग भरली, ओवाळणीची पाकिटं घेतली, चार्जर घेतला आणि गोळ्यांची स्ट्रिप पुण्याच्या घरी टेबलाच्या खणात राहिली. पॅरॉक्सेटिन, वीस मिलिग्रॅम, रोज रात्री एक. दीड वर्षं घेत होते. बुधवारी रात्री लक्षात आलं, पण फारशी काळजी वाटली नाही. सात-आठ महिने मी अगदी ठीक होते. झोप लागत होती, कामावर जात होते, हसत होते. म्हटलं, नाहीतरी कधीतरी बंद करायचीच आहे, आपोआप सुटली तर बरंच.

शुक्रवारी दुपारी मोदकांच्या पाऱ्या वळताना मान वळवली आणि डोक्याच्या आत काहीतरी चमकलं. दुखलं नाही. आतल्या आत विजेचा बारीक झटका बसावा तसं झालं. मग डोळे एका बाजूकडून दुसरीकडे फिरवले की दर वेळी तसंच होऊ लागलं. संध्याकाळपर्यंत जमीन बोटीसारखी हलत होती आणि मळमळत होतं. शनिवारी आरतीच्या वेळी मला कारण नसताना रडू फुटलं. रात्री भयानक स्पष्ट स्वप्नं पडली. काकू म्हणाली, "उपास सोसला नसेल गं." मी उपास केलाच नव्हता. मला आतून एकच भीती वाटत होती: आजार उलटला. दीड वर्षांची मेहनत पाण्यात गेली. आता आयुष्यभर या गोळीवरच राहायचं.

रविवारी सकाळी डॉक्टर मॅडमना फोन केला आणि रडतच सांगितलं की डिप्रेशन परत आलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेवटची गोळी कधी घेतलीस?" मंगळवारी, मी म्हणाले. "आणि दोन वर्षांपूर्वी तू माझ्याकडे पहिल्यांदा आलीस, तेव्हा हे विजेचे झटके यायचे?" मी आठवून पाहिलं. नाही. तेव्हा झोप पहाटे तीनला मोडायची, जेवण नको वाटायचं, कशातच रस नव्हता. झटके, चक्कर, मळमळ यातलं काहीच नव्हतं. "मग हा तुझा जुना आजार नाही," त्या म्हणाल्या. "गोळी अचानक सुटल्याचा हा परिणाम आहे."

चुलतभावाने रत्नागिरीहून गोळ्या आणल्या. रविवारी रात्री एक घेतली. मंगळवारी सकाळी उठले तेव्हा जमीन जागच्या जागी होती.

मॅडमनी फोनवर दोन प्रश्नांत जे ओळखलं, ते ओळखायला वैद्यकशास्त्राला कसा आणि किती वेळ लागला हे मी नंतर शोधत गेले. ती गोष्ट मला वाटलं होतं त्यापेक्षा जुनी निघाली.

पहिल्या गोळीपासूनच

नैराश्यावरच्या गोळ्यांचा इतिहास स्वित्झर्लंडमधल्या म्युन्स्टरलिंगेन या गावच्या मनोरुग्णालयात सुरू होतो. तिथे रोलांड कून हे डॉक्टर गायगी कंपनीने दिलेलं एक नवं रसायन रुग्णांवर वापरून बघत होते. स्किझोफ्रेनियासाठी ते फारसं कामाचं नव्हतं, पण खोल नैराश्यातली माणसं त्याने सुधारताना दिसली. कून यांनी ही निरीक्षणं १९५७ मध्ये मांडली. ते औषध म्हणजे इमिप्रामिन.

त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १९६१ मध्ये, क्रेमर, क्लाइन आणि फिंक या न्यूयॉर्कच्या तीन डॉक्टरांनी 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री'मध्ये एक लेख लिहिला. विषय होता इमिप्रामिन थांबवल्यावर दिसणारी लक्षणं. मळमळ, उलट्या, चक्कर, डोकेदुखी, सर्दी झाल्यासारखं वाटणं, अंगात कसर. म्हणजे या औषधांचं युग सुरू होता होताच ती थांबवताना काय होतं, हेही छापून आलं होतं.

पण ती माहिती मासिकातच राहिली. याचं एक कारण लक्षणांच्या रूपातच आहे. मळमळ आणि सर्दी दिसली तर माणूस फ्लू समजतो. रडू आणि बेचैनी दिसली तर डॉक्टर म्हणतात आजार परत आला. दोन्ही वेळा गोळीकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण गोळी तर बंद झालेली असते. जी गोष्ट पोटात नाही, तिच्यामुळे त्रास होतोय असं सहसा कुणाच्या मनात येत नाही.

शरीराला लागलेली सवय

थोडं थांबून हे होतं का, ते बघू. मी चहात तीन चमचे साखर घेणाऱ्या घरात वाढले. हॉस्टेलवर एक चमचा साखरेचा चहा मिळाला तेव्हा तो मला कडू लागला. चहा कडू नव्हता, माझी जीभ तीन चमच्यांना सरावली होती. पॅरॉक्सेटिनच्या गटातली औषधं, ज्यांना एसएसआरआय म्हणतात, मेंदूतल्या पेशींच्या मधल्या जागेत सेरोटोनिन जास्त वेळ टिकू देतात. महिनोन्‌महिने असं झालं की मेंदू त्या वाढलेल्या पातळीला सरावतो आणि आपली संवेदनशीलता कमी करून घेतो, असं मानलं जातं. मग औषध एकदम गेलं की पातळी नेहमीची होते, पण सरावलेल्या मेंदूला ती तुटवड्यासारखी वाटते. हळूहळू तो पुन्हा जुळवून घेतो. तोवर जो काळ जातो, तो त्रासाचा.

याला व्यसन म्हणत नाहीत. मला गावी त्या गोळीची तलफ आली नव्हती, उलट ती सुटली म्हणून मी खूश होते. तलफ लागणं आणि शरीर सरावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे शब्दांचा जो घोळ झाला तो या दोन्हींच्या मधल्या जागेत झाला.

एक शब्द बदलतो

१९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली. त्यापाठोपाठ सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन आली. जुन्या गोळ्यांपेक्षा ती सुरक्षित होती, त्यामुळे फक्त मनोविकारतज्ज्ञच नव्हे, साधे फॅमिली डॉक्टरही ती लिहून देऊ लागले. घेणारे वाढले तसे थांबवणारेही वाढले, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत चक्कर, विजेचे झटके, विचित्र स्वप्नं यांच्या नोंदी जमू लागल्या.

डिसेंबर १९९६ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात काही तज्ज्ञांची बैठक झाली. खर्च फ्लुओक्सेटिन बनवणाऱ्या एलाय लिली कंपनीचा होता. तिथून निघालेल्या लेखांमधून एक शब्द पक्का झाला: 'डिसकंटिन्युएशन सिंड्रोम', म्हणजे औषध थांबवल्यावरचा लक्षणसमूह. आधी वापरात असलेला 'विथड्रॉवल' हा शब्द मागे पडला. दारू आणि हेरॉइनशी जोडला गेलेला शब्द लोकांना घाबरवेल, हे म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण नव्या, मवाळ शब्दाचा एक तोटा झाला. तो ऐकून त्रासही मवाळच असणार असं वाटू लागलं.

याच वळणावर मात्र असा एक प्रयोग झाला, ज्यातून माझ्या मॅडमच्या पहिल्या प्रश्नाचा अर्थ मला कळला.

खोट्या गोळीचा आठवडा

बोस्टनचे जेरॉल्ड रोझेनबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी २४२ माणसं घेतली. सगळी जण नैराश्यातून बरी झालेली होती आणि ४ ते २४ महिने औषधावर स्थिर होती. काही फ्लुओक्सेटिनवर, काही सर्ट्रालिनवर, काही पॅरॉक्सेटिनवर. मग गुपचूप, कधी ते न सांगता, ५ ते ८ दिवस त्यांच्या खऱ्या गोळीच्या जागी दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली. तपासणाऱ्या डॉक्टरांनाही तो आठवडा कोणता हे माहीत नव्हतं. हातात ४३ लक्षणांची यादी होती. चार किंवा जास्त नवी लक्षणं दिसली, तर त्या माणसाला थांबवण्याचा त्रास झाला असं धरायचं.

निकाल असा होता: पॅरॉक्सेटिनवरच्या ६६ टक्के लोकांना त्रास झाला, सर्ट्रालिनवरच्या ६० टक्के लोकांना, आणि फ्लुओक्सेटिनवरच्या फक्त १४ टक्के लोकांना.

हे आकडे नीट बघा. तिन्ही गटांतली माणसं सारखाच आजार झालेली आणि सारखीच बरी झालेली होती. तो आठवडाभराचा त्रास म्हणजे आजार उलटणं असतं, तर तिन्ही गटांत साधारण सारखाच दिसायला हवा होता. आजाराला कुठे ठाऊक असतं की तुम्ही कोणत्या नावाची गोळी घेत होता? फरक होता तो औषध शरीरातून बाहेर पडण्याच्या वेगात. पॅरॉक्सेटिन साधारण दिवसभरात निम्मं उरतं. दुसऱ्या दिवशी पाव, तिसऱ्या दिवशी आठवा हिस्सा. फ्लुओक्सेटिन शरीरात जाऊन त्याचं जे रूप बनतं, ते निम्मं व्हायलाच ४ ते १६ दिवस लागतात. म्हणजे ते स्वतःच स्वतःला हळूहळू कमी करतं. माझी शेवटची गोळी मंगळवारी, पहिला झटका शुक्रवारी. घड्याळ तंतोतंत जुळत होतं.

या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्यांना त्रास झाला त्यांची मनःस्थितीही ढासळली, रडू आणि चिडचिड वाढली, आणि नैराश्य मोजायच्या प्रश्नावलीवरचे त्यांचे गुण वाढले. म्हणजे फक्त 'मन कसं आहे?' एवढंच विचारणाऱ्या डॉक्टरला ही माणसं पुन्हा आजारी वाटली असती.

अभ्यासाला मर्यादा होत्याच. खर्च इथेही लिली कंपनीचा होता, आणि निकाल तिच्याच औषधाच्या बाजूने लागला. शिवाय आठवडाभर बघून फ्लुओक्सेटिनचा त्रास दिसणारच नव्हता. तो दोन-तीन किंवा त्याहून जास्त आठवड्यांनी उगवू शकतो. पण थांबवण्याचा त्रास आणि आजार उलटणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यातून स्वच्छ दिसलं.

दवाखान्यात फरक कसा करतात

नंतर एका भेटीत मी मॅडमना विचारलं की तुम्ही नेमकं काय बघता. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या.

पहिली, वेळ. गोळी थांबवल्यावर किंवा कमी केल्यावर त्रास काही दिवसांत सुरू झाला का? नैराश्य सहसा इतक्या घाईने परत येत नाही. त्याला आठवडे, बहुधा महिने लागतात.

दुसरी, लक्षणांचा चेहरा. चक्कर, मळमळ, मुंग्या, डोळे फिरवल्यावर बसणारे विजेचे झटके ही नैराश्याची लक्षणं नव्हेत. मनाच्या लक्षणांबरोबर ही शरीराची लक्षणं एकदम आली, तर संशय गोळीवर. म्हणूनच त्यांनी मला विचारलं होतं की पहिल्या आजारात असं व्हायचं का. प्रत्येकाच्या नैराश्याची आपली एक ओळख असते. परत येतं तेव्हा ते बहुतेकदा त्याच ओळखीने येतं.

तिसरी, चाल. थांबवण्याचा त्रास बऱ्याचदा लाटांसारखा येतो. सकाळी असह्य, दुपारी दोन तास अगदी ठीक, रात्री पुन्हा. आणि दिवस जातील तसा तो ओसरत जातो. उलटलेला आजार मात्र दिवसेंदिवस घट्ट होत जातो.

चौथी, गोळी पुन्हा सुरू केल्यावर काय होतं. त्रास गोळी सुटल्याचा असेल तर एक ते तीन दिवसांत उतरतो. नैराश्य परत आलं असेल तर त्याच गोळीला गुण यायला पुन्हा काही आठवडे लागतात. माझं दीड दिवसात शमलं, तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली.

याच्या उलट उदाहरण माझ्या एका मित्राचं आहे. त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू, चार महिन्यांत गोळी बंद केली. काहीही त्रास झाला नाही. नंतर तीन महिन्यांनी त्याने ट्रेकला यायचं टाळलं, मग फोन उचलणं. पहाटे जाग येऊ लागली, भूक गेली. चक्कर नाही, झटके नाहीत, चढउतारही नाहीत. पहिल्या वेळेसारखंच, फक्त हळूहळू. त्याचा आजार खरोखर उलटला होता आणि त्याला पुन्हा उपचार लागले. त्याला कुणी 'हा गोळी सुटल्याचा त्रास आहे, थांब, जाईल' असं सांगितलं असतं, तर ते धोक्याचं झालं असतं.

"पण प्रत्येक वेळी इतकं स्वच्छ नसतं," मॅडम म्हणाल्या. फ्लुओक्सेटिनमध्ये उशिरा येणारा त्रास उलटलेल्या आजारासारखा दिसू शकतो. मूळ आजारच अतिचिंतेचा असेल तर बेचैनी नवी की जुनी हे सांगता येत नाही. आणि दोन्ही एकदम असू शकतात. "म्हणून मी तारखा विचारते. मन काय म्हणतं ते बदलतं, तारखा बदलत नाहीत. फक्त एका बाबतीत मी फरक शोधत बसत नाही. जीव नकोसा वाटतोय असं कुणी म्हणालं, तर कारण काहीही असो, त्याच दिवशी बघायचं."

'साधारण एक आठवडा'

शब्द मवाळ केल्याची किंमत काय झाली, हे ब्रिटनमध्ये दिसलं. ऑक्टोबर २००२ मध्ये बीबीसीच्या 'पॅनोरामा' कार्यक्रमात पॅरॉक्सेटिनवर एक भाग झाला. तिथे ते सेरोक्सॅट या नावाने विकलं जायचं. तो बघून हजारो प्रेक्षकांनी संपर्क साधला. त्यातले अनेक जण औषध सोडताना झालेल्या त्रासाबद्दल सांगत होते. डोक्यातल्या विजेच्या झटक्यांना डॉक्टरांकडे शब्द नव्हता, रुग्णांनी एकमेकांत तो तयार केला होता: 'ब्रेन झॅप'.

तरीही २००९ च्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांमध्ये लिहिलं होतं की ही लक्षणं सहसा सौम्य असतात आणि साधारण आठवडाभरात आपोआप जातात, मात्र औषध एकदम थांबवलं तर ती तीव्र असू शकतात. आता हे वाक्य मनात ठेवून बसलेला डॉक्टर डोळ्यासमोर आणा. समोर तिसऱ्या आठवड्यातही रडणारी, न झोपणारी बाई आहे. आठवडा तर उलटून गेला. मग हा आजारच असणार. गोळी परत सुरू होते, बाई दोन दिवसांत बरी होते, आणि दोघांचीही खात्री पटते की हिला ही गोळी कायम लागणार. ज्या झटपट सुधारणेवरून मॅडमनी माझं निदान केलं, तीच इथे उलट्या निष्कर्षाचा पुरावा ठरते.

२०१९ मध्ये ते वाक्य बदललं. त्रास काहींना जास्त काळ आणि जास्त तीव्र होऊ शकतो, हे मान्य झालं. त्याच वर्षी मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांनी 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'मध्ये थांबवायचं कसं यावर लेख लिहिला. स्वतः हॉरोविट्झ यांनी ही गोळी सोडताना त्रास भोगला होता. त्यांचा मुद्दा असा: गोळी निम्मी केली म्हणजे परिणाम निम्मा होत नाही. सिटालोप्रामचं उदाहरण घ्या. २० मिलिग्रॅमला मेंदूतली लक्ष्यस्थानं साधारण ८० टक्के व्यापलेली असतात. ९ मिलिग्रॅमला अजूनही ७० टक्के. सव्वापाच-साडेपाचला ६०. म्हणजे वीसवरून नऊवर उतरलात तर फक्त १० टक्क्यांची पायरी, आणि पाचवरून शून्यावर आलात तर थेट ६० टक्क्यांची उडी. शेवटचा छोटा तुकडाच सर्वांत उंच पायरी असते. म्हणून शेवटाकडे तुकडे अधिकाधिक बारीक हवेत.

त्रास किती जणांना होतो? २०२४ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'तच अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज आला. औषध थांबवणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना काहीतरी लक्षण जाणवलं. पण खोटी गोळी थांबवणाऱ्यांपैकीही १७ टक्के लोकांना जाणवलं. म्हणजे केवळ औषधामुळे होणारा त्रास साधारण सहा-सात जणांत एकाला, आणि तीव्र त्रास साधारण ३५ जणांत एकाला. मात्र त्यात बरेचसे अभ्यास थोडा काळ औषध घेतलेल्यांचे होते, अशी टीका झाली. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांना तो आकडा जसाच्या तसा लावता येत नाही.

आणि तराजूचं दुसरं पारडंही खरं आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, बरं वाटणाऱ्या आणि थांबवायचा विचार करणाऱ्या लोकांपैकी निम्म्यांची गोळी कमी करत बंद केली. वर्षभरात बंद केलेल्यांपैकी ५६ टक्के लोकांचा आजार उलटला, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांचा. या ५६ मध्ये काही जण प्रत्यक्षात गोळी सुटल्याच्या त्रासाचे असतील का, हा वाद आहे. पण सगळेच तसे असतील असं म्हणता येत नाही. माझ्या मित्राला ते विचारा.

तारखांची वही

त्या गणपतीनंतर सहा महिन्यांनी मी मॅडमच्या सल्ल्याने गोळी सोडायला सुरुवात केली. वीसवरून पंधरा, मग दहा, साडेसात, पाच, शेवटी दहाच्या साध्या गोळीचा चौथा हिस्सा. दर पायरीला तीन-चार आठवडे. वरच्या पायऱ्या कळल्याही नाहीत. पाचवरून अडीचवर आले तेव्हा चौथ्या दिवशी ओळखीचा झटका बसला आणि दहा दिवस येत राहिला. पण त्या वेळी मी घाबरले नाही. वहीत तारीख लिहिली, मॅडमना कळवलं, त्यांनी त्याच पायरीवर आणखी महिनाभर थांबवलं.

गोळी पूर्ण बंद होऊन सात आठवडे झाले तेव्हा एके दिवशी ऑफिसमधून येताना रिक्षात रडू आलं. घरी येऊन वही काढली. शेवटची गोळी ४९ दिवसांपूर्वीची. झटके नाहीत, चक्कर नाही. म्हणजे हा गोळीचा त्रास असण्याची शक्यता कमी. पहाटे जाग? नाही. भूक? आहे. म्हणजे माझ्या आजाराची ओळखही दिसत नाही. मॅडमना फोन केला. "आज काय झालं होतं?" त्यांनी विचारलं. बॉसने सगळ्यांसमोर अपमान केला होता. "मग रड," त्या म्हणाल्या, "आणि दोन आठवड्यांनी भेटायला ये. तोपर्यंत झोपेची वेळ रोज लिही."

मी त्या दिवसाखाली रेघ मारली आणि झोपेची वेळ लिहिली: साडेअकरा.